मदत हवी आहे: पार्लरच्या काउंटरवरचा माल हलतच नाही, मांडणीत काय चुकतंय?

सांगलीची_शुभा
नमस्कार, सांगलीत माझं लेडीज पार्लर आहे, सात वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या आधी डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने मागे लागून लागून ४० हजारांचा माल गळ्यात मारला, शॅम्पू, मास्क, सीरम, सनस्क्रीन, लिपस्टिक वगैरे. छान रॅक बनवून घेतला, टेस्टर ठेवले, सगळं केलं. चार महिन्यांत सहा-सातच गोष्टी विकल्या, त्यातल्या दोन माझ्या नणंदेने घेतल्या. गिऱ्हाईक येतं, बघतं, "छान आहे हं" म्हणतं आणि आयब्रोचे पैसे देऊन जातं. कसं मांडावं ते सांगा, लवकर सांगा कारण तो माणूस पुढच्या आठवड्यात पैसे मागायला येणार आहे.

रोहन_पनवेल
ताई माझं जेंट्स सलून आहे, आमच्याकडे बिअर्ड ऑइल धडाधड जातं. दाढी झाली की पोरगा दोन थेंब चोळतो, वास आवडला की गिऱ्हाईक घेतंच. तुम्ही बिअर्ड ऑइल ठेवा.

मुग्धा_क
लेडीज पार्लर लिहिलंय हो रोहन 😀

हिशेबी_अण्णा
बिलिंगला कुठलं सॉफ्टवेअर वापरता? स्टॉक ॲपमध्ये घेतल्याशिवाय काही कळणार नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शॅम्पूचा जीएसटी १८ वरून ५ झाला, तुमच्या बाटल्यांवर जुनी एमआरपी आहे का ते आधी तपासा.

सांगलीची_शुभा
अण्णा मला सॉफ्टवेअर नकोय, मला मांडणी विचारायची आहे.

काउंटरवाली
पुण्यात एका मोठ्या दुकानात मी १४ वर्षं कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर होते. तुमच्या प्रश्नात मांडणी सोडून सगळं आहे. रॅक नेमका कुठे आहे, त्याला काच आहे का, किती प्रकारचा माल आहे आणि प्रत्येकाच्या किती बाटल्या, किमती कुठे लिहिल्यात, आणि पैसे देताना बाई जिथे उभी राहते तिथून तिला काय दिसतं? तिथे स्वतः उभं राहून बघा आणि मग लिहा.

सांगलीची_शुभा
रॅक काउंटरच्या मागे भिंतीला, रिसेप्शनच्या पोरीच्या खुर्चीच्या वर. सरकती काच आहे आणि कुलूप, कारण लिपस्टिक जातात. ३८ प्रकार आहेत, बहुतेक एकेकच बाटली, एकूण ५०च्या आत. किमती बाटलीवर छापलेल्या असतातच ना, वेगळ्या कशाला लिहायच्या? कोणी विचारलं तर पोरगी सांगते. टेस्टर काउंटरवर एका ट्रेमध्ये आहेत.

काउंटरवाली
मग उत्तर तुम्हीच दिलंत. बाईला माल दिसतो पण हाताला लागत नाही. मागायचं म्हणजे पोरीला उठवायचं, किल्ली शोधायला लावायची, बाटली हातात घेऊन फिरवून किंमत बघायची आणि महाग निघाली तर पोरीच्या देखत परत द्यायची. या शेवटच्या गोष्टीची लाज वाटते म्हणून बाया मागतच नाहीत. तुमची गिऱ्हाइकं ओळखीची, गल्लीतली असणार, त्यांना तर जास्तच.

आणि एकेक बाटली ठेवलीत की रॅक घरातल्या शोकेससारखा दिसतो. शेवटची बाटली उचलायला कोणी धजत नाही, जुना राहिलेला माल असेल असं वाटतं. रॅकची रुंदी किती आहे?

सांगलीची_शुभा
तीन फूट, पाच फळ्या. सगळ्यात खालची पोरीच्या डोक्याच्या मागे जाते.

काउंटरवाली
तीन फूट म्हणजे ९० सेंटीमीटर. शॅम्पूची २५० मिलीची बाटली साधारण ७ सेंटीमीटर रुंद. एका फळीवर चार प्रकार, प्रत्येकाच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी, १२ बाटल्यांना ८४ सेंटीमीटर, वर थोडी हवा. अशा तीन फळ्या, बारा प्रकार, बस. बाकीचे २६ प्रकार डिस्ट्रिब्युटरला परत करता येतात का विचारा, सील न तोडलेला माल पुष्कळ जण बदलून देतात. पैसे मागायला येतोय ना, तेव्हाच बोला, पैसे दिल्यावर कोणी ऐकत नाही.

बारा कुठले ते तुमच्या कामावरून ठरवा. बेसिनवर जो शॅम्पू आणि मास्क तुम्ही स्वतः वापरता तोच नजरेच्या उंचीला, जमिनीपासून चार ते पाच फूट. जे तुम्ही कधी हातात घेत नाही ते विकायला ठेवू नका.

वास्तुप्रेमी_नीला
रॅक कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर माल अडकतो.

मुग्धा_क
दिशेचं राहू दे पण ऊन येतं का ते सांग. माझ्या बहिणीच्या पार्लरला पश्चिमेची काच होती, तिथे ठेवलेलं व्हिटॅमिन सीचं सीरम दोन महिन्यांत चहासारखं तपकिरी झालं आणि लिपस्टिकला घाम फुटल्यासारखे तेलाचे थेंब आले. एका बाईने बघून तोंडावर सांगितलं की तुमचा माल शिळा आहे. त्यानंतर तिचा माल कोणी घेईना.

सांगलीची_शुभा
अगं बाई. संध्याकाळी चारनंतर येतं ऊन. वरच्या दोन फळ्यांवर. सीरम आत्ता बघितलं, पिवळसर झालंय.

समीर_डीलर
मी याच धंद्यात आहे, सोपी गोष्ट सांगतो. बायकांना डिस्काउंट दिसला पाहिजे. छापील ४५० असेल तर त्यावर तुमचं स्टिकर मारा ६००चं, ते पेनाने खोडा आणि खाली ४५० लिहा. हातोहात जाईल.

काउंटरवाली
समीरभाऊ, डिस्काउंट दिसला पाहिजे हे बरोबर, पण हे करायला सांगू नका. छापील एमआरपी झाकून वरचा आकडा चिकटवता येत नाही, वजनमापवाल्यांकडे तक्रार गेली तर निस्तरणार कोण? किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर चालतं, तेही छापील आकडा उघडा ठेवून. मुळात बाटलीवर काही चिकटवूच नका. किंमत फळीच्या कडेला लावा. जाड कागदाची पट्टी, एका ओळीत मालाचं नाव, दुसऱ्या ओळीत ते कशासाठी ते घरगुती शब्दांत, म्हणजे "कलर केलेल्या केसांना" किंवा "पावसाळ्यात गुंता होतो त्याला", आणि तिसरीत किंमत, सगळ्यात मोठी. काउंटरच्या अलीकडून चष्मा न लावता वाचता आली पाहिजे.

मुग्धा_क
इथे माझं मत वेगळं आहे. किंमत मोठी लिहिली की बाया तिथेच मोबाईल काढतात आणि ऑनलाइन दीडशे रुपये कमी बघून गप्प बसतात. माझी बहीण मुद्दाम लिहीत नाही.

काउंटरवाली
मोबाईल काढणारी तशीही काढतेच. न विचारता निघून जाणाऱ्या किती, ते तुमच्या बहिणीला कधीच कळणार नाही.

मुग्धा_क
आणि फोटो काढून घरी जाऊन मागवणाऱ्या किती ते तुम्हाला कळणार नाही.

सांगलीची_शुभा
भांडू नका, टेस्टरचं सांगा. ट्रेमध्ये आहेत तरी कोणी हात लावत नाही. आणि कॉलेजच्या पोरी आल्या की अख्खा मेकअप त्यावर उरकतात.

काउंटरवाली
ट्रेचा फोटो बघितल्याशिवाय सांगते, लिपस्टिकची टोकं चेपलेली असतील, क्रीमच्या डबीत बोटांचे ठसे असतील आणि झाकणाच्या आट्यांत वाळलेलं क्रीम असेल. असला टेस्टर ठेवण्यापेक्षा नसलेला बरा.

क्रीम आणि मास्क डबीत उघडे ठेवायचेच नाहीत. तुम्ही किंवा मुलीने छोट्या चमच्याने काढून तिच्या हाताच्या मागच्या बाजूला लावायचं. लिपस्टिक ओठाला लावू द्यायची नाही. वरचा थर टिश्यूने पुसायचा, स्पिरिटचा फवारा मारायचा, वाळू द्यायचा, मग इअरबडने रंग काढून द्यायचा. बड एकदाच बुडवायचा. क्रीमवर स्पिरिट मारून उपयोग नाही, बोट आत बुडालेलं असतं. उघडल्याची तारीख प्रत्येक टेस्टरच्या बुडाला मार्करने लिहा. वेष्टनावर उघड्या डबीचं चित्र आणि आत १२ किंवा ६ असा आकडा असतो, उघडल्यावर तितके महिने. पण उन्हाळ्यात आकड्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवा, खवट वास आला की फेका.

टेस्टर स्वतःच्या मालातले फोडलेत का? डिस्ट्रिब्युटरकडे मागा, पुढच्या ऑर्डरवर पुष्कळदा मिळतात.

आणि सीरमचा टेस्टर काउंटरवर नकोच, तो खुर्चीपाशी. ब्लो-ड्राय झाला की दोन थेंब तळहातावर घेऊन टोकांना लावा आणि बाटली तिच्या समोर आरशाखाली ठेवून द्या. नाव सांगा, किंमत सांगू नका, ती काउंटरवर पट्टीवर वाचेल. पैसे देताना तीच बाटली काउंटरवर आणून ठेवा. घ्या म्हणायचं नाही.

रोहन_पनवेल
म्हणजे मी बिअर्ड ऑइलचं सांगितलं तेच की.

काउंटरवाली
हो रोहन, तेच. तुम्ही पहिल्यांदाच बरोबर सांगितलं होतं, फक्त माल चुकला.

सांगलीची_शुभा
दोन आठवड्यांनी लिहितेय. तो माणूस आला, १९ प्रकार परत घेतले, सात नाही म्हणाला. ते सात आणि पिवळं सीरम खाली कपाटात. काच काढली, रॅक काउंटरच्या बाजूच्या भिंतीवर आणला, ऊन लागत नाही तिथे. बारा प्रकार, पण सगळ्यांच्या तीन-तीन बाटल्या घ्यायला पैसे नव्हते, म्हणून शॅम्पू, मास्क आणि सीरमच्याच घेतल्या. पट्ट्या भाचीकडून मराठीत लिहून घेतल्या. मास्क चार गेले, शॅम्पू तीन, नवं सीरम दोन. "पावसाळ्यात गुंता होतो त्याला" वाचून एक काकू हसल्या आणि घेऊन गेल्या, पाऊस अजून लांब आहे तरी.

लिपस्टिक एकही नाही. बडने लावतात, हातावर बघतात आणि पुसतात.

काउंटरवाली
काउंटरपाशी आरसा आहे?

सांगलीची_शुभा
नाही. आरसे सगळे आत, खुर्च्यांपाशी.

काउंटरवाली
आणि काउंटरवरचा दिवा?

सांगलीची_शुभा
पिवळा. फॉल्स सीलिंगवाल्याने लावला, छान दिसतो म्हणून.

काउंटरवाली
हातावर, पिवळ्या उजेडात, स्वतःचं तोंड न बघता कोण घेईल हो लिपस्टिक? गुलाबी असेल ती विटकरी दिसते. हाताएवढा आरसा आणि एक पांढरा दिवा लावा, मग बोलू.

मुग्धा_क
शुभा, किमतीच्या पट्टीचा फोटो कोणी काढला का ते मात्र सांग.

सांगलीची_शुभा
दोघींनी काढला. एक परत आलीच नाही. दुसरी काल आली, म्हणाली ऑनलाइन ऐंशी रुपये कमी आहे, तेवढ्यात देता का. मी चाळीस कमी केले, घेतला तिने मास्क. बरोबर केलं की चुकलं, काही कळेना.

समीर_डीलर
चुकलं. आता ती गल्लीत सगळ्यांना सांगणार.

वास्तुप्रेमी_नीला
बाजूची भिंत म्हणजे कुठली, पूर्वेची का?