मदत हवी आहे: स्टेकिंगचे रिवॉर्ड कोणत्या दिवशीच्या भावाने नोंदवायचे?

निशिगंध_सातपूर
नमस्कार. मी नाशिकची, सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आतापर्यंत पगाराचं साधं रिटर्न भरत आले. गेल्या वर्षी जवळचे ॲटम हे क्रिप्टो टोकन स्टेक केले, म्हणजे नेटवर्कमध्ये अडकवून ठेवले. त्याचे रिवॉर्ड अधूनमधून क्लेम करून वॉलेटमध्ये घेतले, एक एअरड्रॉपही मिळाला, म्हणजे फुकट वाटलेली टोकन. आता २०२४-२५ चा हिशोब मांडायला बसले, तर वॉलेटमध्ये नुसती टोकनची संख्या. रुपये कुठेच नाहीत.

डिसेंबरात ८ ॲटम क्लेम केले तेव्हा भाव ७५० च्या आसपास होता. तेच ८ मार्चमध्ये ४०० ने विकले. मग माझं उत्पन्न ६,००० की ३,२००? ओळखीच्या सीएंना विचारलं, तर "एक्स्चेंजचं स्टेटमेंट आणा" म्हणाले. रिवॉर्ड थेट वॉलेटमध्ये आलेत, स्टेटमेंट कुठून आणू?

चाळीतला_कांदा
ताई, एवढा विचार कशाला? आमचा कांदा चाळीत भरला की त्या दिवशीचा भाव मांडतो का आम्ही? लिलावात निघेल तो भाव. तुमचे ३,२०० आले, खरेदी शून्य, त्यावर ३० टक्के भरा आणि मोकळ्या व्हा.

वहीखाते
दादांची पद्धत काही सीएही वापरतात, म्हणून ती अगदीच खोटी म्हणणार नाही. पण क्रिप्टोवर ३० टक्के कर लावणारं ११५बीबीएच कलम टोकन हस्तांतरित केल्यावर लागतं. हातात येताना काय, त्याबद्दल ते गप्प आहे. त्यामुळे बरेचजण दोन टप्पे धरतात, मीही तसंच करतो.

ताई, तुमचंच उदाहरण. क्लेमच्या दिवशी ६,००० हे 'इतर स्रोतांतून उत्पन्न', तुमच्या स्लॅबने कर. विकताना हेच ६,००० खरेदी किंमत. मिळाले ३,२००, म्हणजे २,८०० तोटा. हा तोटा पगारातूनही वजा होत नाही आणि दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर माझ्या वाटेने १,२०० आणि दादांच्या वाटेने ९६० कर, वर सेस. भाव पडला की दादांची वाट स्वस्त, चढला की बहुधा आपली. म्हणून एकदा पद्धत धरली की ती दरवर्षी सोयीने फिरवू नका. विचारणा झाली तर नेमकं तेच अंगाशी येतं.

विक्री केली आहे म्हणजे साधं रिटर्न चालणार नाही. आयटीआर-२ घ्या, त्यात क्रिप्टोसाठी शेड्यूल व्हीडीए आहे.

द्राक्षबाग_पिंपळगाव
माझ्या मेहुण्याने मला २०,००० चे टोकन पाठवले होते. ५०,००० च्या आत सगळं माफ असतं ना? मग ताईंना काहीच दाखवायला नको.

वहीखाते
ती ५०,००० ची मर्यादा वर्षभरात फुकट मिळालेल्या वस्तूंची आहे. एअरड्रॉपला ती लावता येते असं म्हणणारे आहेत. मात्र तेव्हा कर भरला नाही तर विकताना खरेदी किंमतही सांगता येत नाही. स्टेकिंगचं तसं नाही. तिथे तुम्ही टोकन अडकवून ठेवता आणि त्याचा मोबदला घेता, ती भेट कशी होईल?

ताई, स्टेटमेंट स्वतःच तयार करा. प्रत्येक क्लेमला एक ओळ: वेळ, संख्या, त्या वेळचा रुपयांतला भाव, भाव कुठून घेतला, व्यवहाराचा हॅश म्हणजे त्याची ओळखखूण. भावाच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, वर्षाने शोधणं जिकिरीचं होतं. आणि वेळेकडे नीट बघा. व्यवहार बघायच्या बऱ्याच एक्सप्लोरर साइट UTC दाखवतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ.

```
2025-03-31 19:12 UTC
2025-04-01 00:42 IST
```

हा एकच क्लेम आहे. पडद्यावरच्या तारखेवर विसंबलात तर तो चुकीच्या आर्थिक वर्षात जातो. संध्याकाळी साडेसहा UTC नंतरचं सगळं आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचं.

निशिगंध_सातपूर
तपासलं. माझे दोन क्लेम रात्री उशिराचे आहेत, त्यातला एक खरंच १ एप्रिलचा निघाला! सीएंकडे न्यायच्या यादीत तो मी मार्चमध्ये लिहून बसले होते.

एअरड्रॉपचं काय? जाहीर झाला तेव्हा मी क्लेम केला नव्हता, तीन आठवड्यांनी केला.

वहीखाते
क्लेमची वेळ धरा. त्याआधी ते टोकन तुम्हाला विकताच येत नव्हते. पहिल्या तासात क्लेम केला असता तर भाव इतका उड्या मारतो की दिवसाचा सरासरी की त्या मिनिटाचा, यावर वाद झाला असता. न मागता येऊन पडलेली अनोळखी टोकन मात्र शून्य भावाने लिहा आणि त्यांना हातही लावू नका.

गोदाघाट
सोलाना टोकन स्टेक करणाऱ्यांचं काय? आमच्याकडे क्लेमचं बटणच नाही. साधारण दोन दिवसांनी एपॉक, म्हणजे नेटवर्कची एक फेरी, संपली की रिवॉर्ड आपोआप स्टेकमध्येच मिसळतो. वर्षाला दीडशेच्या वर ओळी होतात.

वहीखाते
मी प्रत्येक एपॉकची ओळ ठेवतो. माझे एक मित्र महिन्याची बेरीज करून सरासरी भाव लावतात. चढउतार मोठा झाला की आमचे आकडे जुळत नाहीत.

निशिगंध_सातपूर
म्हणजे ॲटमचे न काढलेले रिवॉर्ड ३१ मार्चला वॉलेटमध्ये नुसते 'दिसत' असले तर धरायचे नाहीत ना?

वहीखाते
मी धरत नाही.

गोदाघाट
माझे सीए धरायला लावतात. बटण दाबायचं की नाही हे आपल्याच हातात आहे, मग मिळालेच म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. मला अजून पटलेलं नाही.