विषय: डेक्कनला सापडलेलं पाकीट (सुधारित निवेदन आणि त्यावरचे मेल)

प्रेषक: श्रीरंग (सध्या पुण्यात)

नमस्कार मंडळी,

शनिवारी आपला पुण्यातला स्नेहमेळावा आटोपून निघालो आणि गुडलक चौकात रिक्षा बघत असताना फुटपाथवर एक पाकीट सापडलं. तपकिरी चामड्याचं, दोन घड्यांचं आहे. आत [नाव व जन्मतारीख काढली आहे – नियंत्रक] यांचं लायसन्स, एक डेबिट कार्ड, चार हजार दोनशे रुपये आणि वीस डॉलरची एक नोट आहे. डॉलर दिसले म्हणून वाटलं, परदेशातून आलेल्या आपल्यापैकीच कोणाचं तरी असणार. [फोटो काढला आहे – नियंत्रक] मी २० तारखेपर्यंत नारायण पेठेत आहे. ज्याचं असेल त्याने कळवावं.

श्रीरंग

प्रेषक: विद्याताई (नियंत्रक)

श्रीरंग,

पाकीट उचलून ठेवलंस आणि लगेच कळवलंस, फार बरं केलंस. तुझा मेल मी आपल्या मेल-यादीच्या संग्रहातून काढला आणि वरची प्रत नाव-फोटो गाळून ठेवली. पण मूळ मेल सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पोचलेला आहे, तो काही परत बोलावता येत नाही. म्हणून आता आपण असं धरून चालायचं की त्यात लिहिलेलं सगळं कोणालाही ठाऊक असू शकतं. रंग, नोटा, डॉलर, नाव, गुडलक चौक, यातलं काहीही इथून पुढे पुरावा म्हणून चालणार नाही. कोणी फोन करून "तपकिरी आहे, चार हजार दोनशे होते" असं बिनचूक सांगितलं, तर त्याने तुझा मेल वाचलाय एवढंच त्यातून सिद्ध होतं.

विमानतळावरच्या हरवलं-सापडलं काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. तिथे आम्ही निवेदनात फक्त वस्तू, दिवस आणि परिसर लिहायचो. पाकीट हरवलेल्या माणसाला तेवढं पुरतं. आपण कुठे फिरलो आणि खिसा कधी रिकामा लागला, हे त्याला पाठ असतं. वर्णनाचा उपयोग असतो तो ज्याचं पाकीट नाही त्याला.

आता पाकीट पुन्हा उघड आणि तू कुठेच न लिहिलेल्या तीन गोष्टी कागदावर टिपून ठेव. फोटोतही न आलेल्या हव्यात, हे नीट बघ. नोटा आणि कार्डं सोडून जे असेल ते उत्तम. एखादी पावती, देवाचा फोटो, पासपोर्ट साइज फोटो, किल्ली, घडी घातलेली चिठ्ठी, आणि ते कोणत्या कप्प्यात आहे. कार्डाच्या बँकेचं नाव मात्र धरू नकोस. फोटोत नंबर झाकलेला होता, पण कार्डाचा रंग दिसत होता आणि रंगावरून बँक ओळखता येते. या तीन गोष्टी मलाही कळवू नकोस. मला कळवल्यास तर त्या दोघांना माहीत झाल्या.

नवीन निवेदन असं जाऊ दे:

"शनिवारी संध्याकाळी पुण्यात डेक्कन परिसरात एक पाकीट सापडलं आहे आणि ते सुरक्षित आहे. आपलं असल्यास यादीवर उत्तर न देता फक्त श्रीरंगला व्यक्तिगत मेल करा. त्या दिवशी पाकीट शेवटचं कधी आणि कुठे बाहेर काढलं होतं, आणि नोटा-कार्डं सोडून त्यात आणखी काय, कोणत्या कप्प्यात होतं, ते आपल्या शब्दांत लिहा. ओळखपत्राची प्रत, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी पाठवू नका. आम्ही तो कोणाकडेच मागणार नाही."

हे नव्या विषयाने नवा मेल म्हणून पाठव. जुन्याला रिप्लाय केलास तर खाली जुना मजकूर जसाच्या तसा चिकटून जाईल आणि मी काढलेलं नाव पुन्हा सगळीकडे फिरेल. बाकीच्यांनाही तीच विनंती.

प्रेषक: मोहनकाका

विद्या, तुझी काळजी पटते, पण हे फार मोघम होतंय. पुण्यात शनिवारी संध्याकाळी डेक्कनला पाकीट हरवलेले काय कमी असतील? नाव दिलं असतं तर त्याच्या ओळखीच्यांनी तासाभरात त्याला गाठलं असतं. फोटोही ठेवता आला असता, नंबरांवर मोबाइलमधल्या पेनने काळं फासलं की झालं. आणि जो कोणी येईल त्याच्याकडून आधार कार्डाची प्रत मागवून घ्या, प्रश्नच मिटला. शिवाय हे लक्षात असू द्या की १८७२च्या करार कायद्याच्या ७१व्या कलमाप्रमाणे सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी असते. चुकीच्या माणसाच्या हातात गेलं तर उत्तर श्रीरंगला द्यावं लागेल.

प्रेषक: विद्याताई

मोहनकाका, कलमाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, आणि माझी काळजी नेमकी त्याचीच आहे. नावाचंही अर्धं खरं आहे. नाव माहीत असेल तर माणूस शोधायला त्याचा उपयोग जरूर करावा, पण ते चारचौघांत सांगून नव्हे. मी सभासदांच्या वहीत बघितलं, त्या नावाचं कोणी नाही. म्हणजे पाहुणे म्हणून आलेलं कोणी असेल, किंवा मेळाव्याशी संबंध नसलेलंच कोणी. श्रीरंगने डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड सापडल्याचं सांगावं. बँक खातेदाराचा नंबर देणार नाही, पण श्रीरंगचा निरोप त्याच्यापर्यंत पोचवायला सांगता येतं. कार्डही बंद होईल. आपल्याकडे पाच हजारांपर्यंत पिन न घालता नुसतं टेकवून पैसे जातात, त्यामुळे हे आजच व्हायला हवं.

काळं फासण्याबद्दल: मोबाइलमधलं पेन पुष्कळदा अर्धपारदर्शक असतं. वरून काळं दिसतं, पण फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. पाकिटाच्या निवेदनाला फोटोची गरजच नाही.

आधारच्या प्रतीचा तर उलटाच त्रास. नाव आणि जन्मतारीख एकदा फुटलेली आहे, त्या नावाची पीडीएफ बनवणं अवघड नाही. आणि खरा मालक असेल तर त्याने एका अनोळखी माणसाला मेलवर आधार का पाठवावं? अशा खोट्या "सापडलं" निवेदनांतून कागदपत्रं गोळा करणारेही असतात, त्याला तरी आपण कोण हे काय माहीत?

प्रेषक: प्राची

मला हा एवढा खटाटोप समजत नाहीये. गेल्या वर्षी लक्ष्मी रोडवर माझी पर्स राहिली होती. ज्या बाईंना सापडली त्यांनी फोन करून विचारलं, "लाल पर्स ना? आत दोन किल्ल्या आणि औषधं?" मी हो म्हटलं, त्यांनी दिली. माणसांवर विश्वास ठेवला की कामं होतात. बरं, त्याच पर्समधलं माझं ओसीआय कार्ड मात्र मिळालं नाही, अजून नवीन काढायचंय. त्यासाठी कुठे जायचं कोणी सांगेल का?

प्रेषक: अभय

प्राची, ओसीआयसाठी आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद कर आणि त्याची प्रत अर्जाला जोड. पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर हरवल्याची नोंद करायची सोय आहे, तिथून सुरुवात कर. तुझ्या पर्सचं मात्र तूच बघ ना, त्या बाईंनी सगळी उत्तरं प्रश्नातच दिली होती. तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणी फोन उचलून "हो" म्हटलं असतं, तर पर्स त्यांना गेली असती.

प्रेषक: श्रीरंग

विद्याताई, निवेदन तुम्ही दिलंत तसंच पाठवलं. बँकेला फोन केला, त्यांनी कार्ड बंद केलं आणि माझा नंबर खातेदाराला कळवू म्हणाले.

आतापर्यंत दोन माणसं आली. पहिल्याने तपकिरी, चार हजार दोनशे, वीस डॉलर, सगळं धडाधड सांगितलं. "नोटा-कार्डं सोडून काय होतं?" विचारल्यावर म्हणाला, घाईत आहे, आठवत नाही, कुरियर करा. मग म्हणाला, "तुम्ही खरे आहात की नाही ते कळायला तुमच्या फोनवर सहा आकडी कोड पाठवतो, तेवढा वाचून दाखवा."

दुसरे गृहस्थ परदेशी परत पोचलेत, परवाच उड्डाण होतं म्हणाले. पाकीट काळपट आहे म्हणाले आणि रक्कम साफ चुकवली, "दोन-अडीच हजार असतील." पण मी लिहून ठेवलेल्या तीनपैकी दोन गोष्टी मी न विचारता कप्प्यासकट सांगितल्या. तिसरी सांगितली नाही. ते पुतण्याला पाठवतो म्हणतात. काय करू?

प्रेषक: विद्याताई

पहिल्याला कोड वाचून दाखवला नाहीस ना? तो कोड तुझ्याच नंबरवर खातं उघडायला किंवा तुझं खातं ताब्यात घ्यायला वापरतात. अमेरिकेत हरवलं-सापडलंची जाहिरात देणाऱ्यांना असे फोन नेहमी येतात. त्याला उत्तरच देऊ नकोस.

दुसऱ्यांनी रक्कम चुकवली याने मी बिचकणार नाही. खिशात नेमके किती पैसे आहेत हे फार थोड्यांना सांगता येतं, आणि कातड्याचा रंग दिव्याखाली वेगळा दिसतो. तुझा मेल वाचलेल्याने हे दोन्ही अचूक सांगितलं असतं. तिसरी गोष्ट ते विसरले असतील, किंवा बायकोने पाकिटात टाकलेली असेल. काय बरोबर आलं, काय राहिलं, हे त्यांना सांगू नकोस. "थोडं कमी पडतंय" इतकंही नको, त्यावरून लोक अंदाज बांधत जातात.

तुझ्याकडे लायसन्सवरचा फोटो आहे, आणि तुझ्या मेलच्या फोटोत लायसन्स उलटं होतं, त्यामुळे तो चेहरा कोणी पाहिलेला नाही. आज व्हिडिओ कॉल लाव. लायसन्स कॅमेऱ्यासमोर धरू नकोस, तू एकट्याने बघ. जुना फोटो असेल तर केस-मिशा जाऊ देत, कान आणि कपाळ बघ. पटलं तर कॉलवर त्यांनाच एक शब्द ठरवायला सांग. तो त्यांनी पुतण्याला फोनवर सांगायचा, मेलवर नाही. पुतण्या आला की तू शब्द विचारायचास, आपण होऊन म्हणायचा नाही. पुतण्याचं ओळखपत्र बघ आणि यादी करून त्याची सही घे.

प्रेषक: मोहनकाका

आधारचा मुद्दा मागे घेतो, कोडचं ऐकून हादरलो. पण पुतण्याच्या हातात देणं मला अजूनही पसंत नाही. डेक्कन पोलीस ठाण्यात जमा करावं, तिथून ज्याने त्याने न्यावं. घरच्याच माणसाने परस्पर पाकीट लाटल्याची प्रकरणं वकिलीत पाहिली आहेत.

प्रेषक: विद्याताई

काका, ठाण्यात देणं केव्हाही योग्यच, फक्त परदेशातल्या माणसाला तिथून सोडवून घेणं वेळखाऊ होतं. हे त्या गृहस्थांनाच विचारून ठरवावं असं मला वाटतं, पाकीट त्यांचं आहे. श्रीरंग, चेहरा पटला नाही किंवा २० तारखेपर्यंत काही ठरलं नाही, तर ठाण्यातच दे. आतल्या प्रत्येक वस्तूची यादी लिहून पोच घे, आणि ती पोचही यादीवर टाकू नकोस.

प्रेषक: श्रीरंग

कोड वाचला नाही. कॉल आज रात्री साडेनऊला ठरलाय. पुतण्या की पोलीस ठाणं, ते त्यांना तेव्हाच विचारतो. पहिल्या माणसाचा मेल पत्ता तुम्हाला वेगळा पाठवलाय, तो आपल्या यादीत आहे का ते बघाल का?