मदत हवी आहे: रांगेचा फोटो आणि एक ताट, एवढ्यावरून तांदूळ किती लागेल ते कसं काढायचं?

पातेलंभर
आम्ही काही जण मिळून आठवड्यातून दोनदा मोफत जेवण देतो. दुपारी १२ ते २. नावनोंदणी नाही, कूपन नाही, येईल त्याला ताट. मागच्या खेपेला १२:१० ला रांगेचा फोटो काढला होता आणि एका ताटाचा वरून काढलेला फोटोही आहे. रांगेत ७२ माणसं मोजली, माणशी १०० ग्रॅम धरून ७ किलो २०० ग्रॅम आले, म्हणून उदारपणे ८ किलो तांदूळ टाकला. पावणेएकलाच पातेल्याचा तळ दिसला आणि तेव्हाही रांग जवळजवळ तेवढीच होती. तांदूळ दुप्पट टाकू, की माझी मोजणी चुकली? लांबची माणसं फोटोत एकमेकांमागे लपली आहेत, हे खरं आहे.

जुनाखानसामा
ताई, सरळ हिशोब: किलोला दहा माणसं. आयुष्यभर हाच धरला, कधी कमी पडलं नाही. रांगेचा फोटो कशाला लागतो?

पातेलंभर
काका, मीही तेच धरलं होतं. माणसं किती, हेच तर माहीत नाही.

त्रिज्या
काकांचा हिशोब वाईट नाही, पण तो पंगतीचा आहे, जिथे पानं आधी मोजलेली असतात. ताई, तुमची मोजणी फार चुकलेली नाही. तुम्ही मोजलं ते १२:१० च्या क्षणाला *उभे असलेले* लोक. तुमचं पातेलं लागतं ते दोन तासांत *येऊन गेलेल्या* लोकांना. नळाखालची गळकी बादली दिवसभर अर्धीच दिसते म्हणून नळातून अर्धीच बादली पाणी गेलं असं होत नाही, तसं.

म्हणून एक विचारते. फोटोतला एखादा ओळखू येणारा माणूस दुसऱ्या कुठल्या फोटोत सापडतो का? आणि रांग कशाच्या कडेने उभी आहे?

पातेलंभर
कुंपणाच्या कडेने. आणि हो! निळी छत्री घेतलेले एक गृहस्थ आहेत. १२:१० ला ते चाळिसावे होते, आणि १२:३० च्या फोटोत नेमके ताट हातात घेताना दिसतात.

त्रिज्या
मग हेच सोनं आहे. २० मिनिटांत ४० माणसं, म्हणजे मिनिटाला २ ताटं. रांग संपत नाही तोवर तुमचा वाढपी याच वेगाने वाढतोय. दोन तासांत जास्तीत जास्त २४० ताटं जातील. त्याहून जास्त माणसं आली तरी तुमच्या हातून वाढून होणार नाहीत, त्यामुळे हा वरचा आकडा पक्का.

लपलेल्या माणसांसाठी कुंपणाचे खांब वापरा. खांब सारख्या अंतरावर असतात, फोटोत मात्र लांबचे जवळ जवळ आल्यासारखे दिसतात. जवळच्या चार खणांतली माणसं नीट मोजा आणि लांब फक्त खण मोजा. सेंटिमीटरने फोटो मापायला जाऊ नका, लांबचा एक सेंटिमीटर जवळच्या एका सेंटिमीटरएवढा नसतो. आणि मोबाइलची रुंद लेन्स असेल तर तिकडचं टोक आणखीच आखडतं.

पातेलंभर
केलं. पहिल्या चार खणांत ६, ६, ५, ५. पुढे दहा खण, प्रत्येकी ५ धरले तर ५०. एकूण ७२. म्हणजे माझी मोजणी योगायोगाने बरोबर निघाली :)

हिरवीमिरची
वरून फोटो काढला की ताटात किती कॅलरी आहेत ते सांगणारी सोय असते ना, ती वापरा की. माझ्या वजन कमी करण्याच्या वेळी मी रोज हेच करायची. भात कमी खा म्हणून सांगायची ती मला.

त्रिज्या
इथे कमी खायचा प्रश्न नाही हो, पुरवायचा आहे :) पण तुमच्यामुळे ताटाच्या फोटोवर आलोच. पातेलंभर, ताटाचा व्यास मोजून सांगाल? आणि भाताची मूद ताटाचा किती भाग व्यापते?

पातेलंभर
ताट २६ सेंमी. मूद बरोबर निम्म्या व्यासाची, म्हणजे १३ सेंमी.

त्रिज्या
मग त्रिज्या साडेसहा सेंमी. मुदीचा आकार उपड्या वाटीसारखा धरला तर घनफळाचं सूत्र असं:

```
V = π × h × (3a² + h²) / 6
```

`a` म्हणजे मुदीची त्रिज्या, `h` म्हणजे उंची. गंमत इथेच आहे. उंची साडेतीन सेंमी धरली तर साधारण २५५ मिली. अडीच धरली तर १७५. साडेचार धरली तर ३४५. वरून काढलेल्या फोटोत उंची दिसतच नाही, आणि एका सेंटिमीटरच्या फरकाने भात इतका कमीजास्त होतो. त्यामुळे ताटाचा फोटो बाजूने, ताटाच्या पातळीवर मोबाइल धरून काढायचा, शेजारी काहीतरी मापाचं ठेवून. आणि वाढप्याला न सांगता, येणारं दहावं ताट घ्यायचं. फोटो काढतोय म्हटलं की मूद छान उंच पडते.

मध्यम धरून २५५ मिली. मोकळा शिजलेला भात मिलीला पाऊण ग्रॅम धरू, म्हणजे १९० ग्रॅम.

जुनाखानसामा
आणि तांदूळ तिप्पट होतो. म्हणजे ६३ ग्रॅम. म्हणजे किलोला सोळा माणसं? हे काही पटत नाही बुवा.

आधण
काका, तिप्पट कशात? मापाने की वजनाने? मी रोज मोठ्या पातेल्यात भात करते. एक वाटी तांदळाचा तीन वाट्या भात होतो हे खरं, पण ते माप झालं. वजनाने माझ्याकडे अडीच ते पावणेतीन पट भरतो, पाणी किती घातलं आणि भात वेळला की बसवला त्यावर. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो, नवा लवकर गिच्च होतो. शिवाय तळाला लागलेली खरवड कुणाच्या ताटात जात नाही. तुमच्याच तांदळाचा अर्धा किलो तुमच्याच पद्धतीने शिजवून तोला, वाद मिटेल.

त्रिज्या
आधण म्हणतात ते बरोबर. तूर्त २.७ धरते. २४० × १९० ग्रॅम म्हणजे साडेपंचेचाळीस किलो भात, म्हणजे १७ किलो तांदूळ. एकदम नका शिजवू, दोन पातेल्यांत करा. आणि या खेपेला फोटोवर न थांबता दोन गोष्टी तोला: भातवाढीने वाढलेली दहा ताटं, आणि शिजलेलं पातेलं.

पातेलंभर
(आठ दिवसांनी) करून पाहिलं. १८ किलो टाकला, आधी १० आणि मग ८. तरी पुरला नाही! दीड वाजायला दहा मिनिटं असताना दुसऱ्यांदा वाढणं बंद केलं, शेवटच्या ३० जणांना अर्धाच भात दिला आणि पावणेदोनला संपलं. धुवायला आलेली ताटं मोजली, २२५. दहा ताटांची सरासरी २०५ ग्रॅम आली, १९० नव्हे. पातेलं २.६ पट भरलं. दुसऱ्यांदा अर्धा भात घेणाऱ्यांसाठी भिंतीवर रेघा मारल्या होत्या, ३६ झाल्या.

त्रिज्या
वा, रेघा मारल्यात हे फार बरं केलंत. चूक माझी: दुसऱ्यांदा घेणारे रांगेत उभेच राहत नाहीत, त्यामुळे फोटोत ते येत नाहीत आणि माझ्या २४० मध्येही नव्हते.

तुमचा हिशोब जुळतो का पाहू. १८ किलोचा भात ४६.८ किलो, म्हणजे २०५ ग्रॅमची २२८ ताटं. गेली किती? १९५ पूर्ण, ३० अर्धी म्हणजे १५, आणि ३६ अर्धी म्हणजे १८. बेरीज २२८. असं तंतोतंत जुळायला नशीब लागतं, पण मोजमाप धड आहे एवढं नक्की.

आता खरी गरज. १:२० पर्यंत साधारण १६० जणांना वाढून झालं होतं आणि त्यातल्या ३६ जणांनी पुन्हा घेतलं. त्याच प्रमाणात २२५ मधले ५० जण घेतील, म्हणजे २५ ताटं. एकूण २५० ताटं, ५१ किलोच्या आसपास भात, २० किलो तांदूळ.

आधण
मी २० किलो एकदम लावणार नाही. पहिलं पातेलं १० किलोचं. माझ्याकडे आधण येण्यापासून वाफ बसेपर्यंत ४० मिनिटं जातात. तेवढ्या वेळात तुमच्याकडे ८० माणसं आणि दुसऱ्यांदा घेणारे मिळून ९० ताटं जातात, म्हणजे १८ किलो भात. पहिल्या पातेल्यात एवढा उरला की त्याच क्षणी दुसरं चुलीवर चढलेलं पाहिजे, नाहीतर मधे खंड पडणार. ते मात्र ७ किलोचंच लावा. फोटो खरा उपयोगी आहे तो तिसऱ्या पातेल्याला. एकच्या आसपास रांग पाहा. शेवटचा माणूस कुठल्या खणात आहे आणि त्याच्यामागे कुणी येतंय का? रांग ओसरत असेल तर तिसरं लावूच नका. मोठ्या पातेल्यातला उरलेला भात तासन्‌तास कोमट राहतो आणि नेमका तेव्हाच नासतो. परातीत पातळ पसरून लगेच गार करायला जागा लागते.

नवशिका२१
आमच्या वसतिगृहात याच्या उलट झालं. परीक्षेच्या दिवशीची रांग मोजली आणि महिनाभर भात उरत राहिला. एका दिवसाच्या फोटोवर सगळ्या दिवसांचा हिशोब बांधू नका.

जुनाखानसामा
२० किलो, २२५ माणसं. म्हणजे किलोला अकरा. मी दहा म्हटलं होतं.

त्रिज्या
हो काका, तुमचे दहा जिंकले :) पण तुमच्या दहात दुसऱ्यांदा घेणारे आधीच धरलेले होते आणि माझ्या हिशोबात नव्हते. मला हे आधी सुचायला हवं होतं.

पातेलंभर
सगळ्यांचे आभार. एक अडचण राहिलीच. रांगेतले काही जण डबा पुढे करतात, घरी कुणी आजारी आहे, लहान मूल आहे म्हणून. त्यांना नाही म्हणवत नाही. एका डब्यात दोन ताटांचा भात सहज जातो आणि फोटोत तो एकच माणूस दिसतो. मागच्या खेपेला डबे मोजले नाहीत. धुवायच्या ताटांतही ते येत नाहीत, म्हणजे वरचं ते तंतोतंत जुळणं आता मला जरा संशयास्पद वाटतंय.

त्रिज्या
अरे देवा. मग कुठेतरी दुसरा आकडा तेवढाच चुकलेला आहे. कदाचित शेवटचं "अर्धं" हे अर्ध्याहून कमी होतं. पुढच्या खेपेला डब्यांच्या रेघा वेगळ्या मारा, मग पुन्हा बघू.