‘दहावीचा पेपर काढून द्या’, एवढं म्हणून पेपर निघतो का?

क्लासवाला_दादा: कोणी दहावी बीजगणिताचा सराव पेपर काढून देईल का? उद्या संध्याकाळपर्यंत हवाय. जरा चांगला काढा, मुलं हुशार आहेत.

खडूमास्तर: हे वाचून डोकंच फिरलं. किती मार्कांचा, किती वेळाचा, कुठपर्यंत शिकवून झालंय, काहीच नाही, नुसतं ‘जरा चांगला’. मागे एका क्लासला असाच फुकट पेपर काढून दिला. मी बोर्डाचा पॅटर्न धरला, 40 मार्क, दोन तास, सहाही प्रकरणं. त्यांचं झालं होतं अंकगणिती श्रेढीपर्यंत. प्रश्न चारमध्ये तीनपैकी दोन सोडवायचे असतात आणि त्यातले दोन मी सांख्यिकीचे टाकलेले. पोरं नुसती बसून राहिली आणि बोलणी कुणाला, तर मला!

क्लासवाला_दादा: अहो मास्तर, दहावी बीजगणित म्हटलं की 40 मार्क दोन तास हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दर वेळी कुंडली मांडून द्यायची का?

सांख्यिकीताई: मार्क आणि वेळ माहीत असेल हो, पण 40 मार्कांच्या पेपरात प्रश्न 60 मार्कांचे छापलेले असतात, विकल्प धरून. घटकांचा भारांश त्या 60 वर बघावा लागतो. 40 वर बघितलात तर एखादं प्रकरण सगळंच विकल्पात जातं आणि पोरगं ते न वाचता पास होतं. संविधान तक्ता न करता पेपर काढणारे इथूनच ओळखू येतात.

पालक_ठाणे: मॅडम, माझा मुलगा सीबीएसईला आहे, त्यालाही हा पेपर चालेल का? पीडीएफ कुठे मिळेल?

खडूमास्तर: पेपर अजून निघालाच नाहीये हो! भांडण चाललंय.

क्लासवाला_दादा: आणि काठिण्याचं काय घेऊन बसलात, हुशार पोरांना कठीण टाका, झालं.

सांख्यिकीताई: कठीण म्हणजे नेमकं काय? x² − 15x + 54 = 0 हे अवयव पाडून वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंही सोडवतं. ‘दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज 244 आहे, त्या संख्या काढा’ म्हटलं की तेच पोरगं पेन चावत बसतं. पुढे समीकरण येतं x² + 2x − 120 = 0, पहिल्याइतकंच सोपं, पण ते मांडणार कोण? हुशार म्हणजे भराभर अवयव पाडणारी की शाब्दिक उदाहरण मांडणारी, हे तुम्हालाच माहीत. मी साधारण तीसएक टक्के सोपं, निम्मं मध्यम आणि उरलेलं कठीण ठेवते, पण ते माझ्या वर्गासाठी.

कोल्हापुरी_सर: काठिण्य सोडा, खरी बोंब वेळेची आहे. 120 मिनिटं भागिले 40, मार्काला तीन मिनिटं. मी स्वतः पेपर सोडवून बघतो आणि माझ्या वेळेच्या तिप्पट पोरांना देतो. कधीच चुकत नाही.

सांख्यिकीताई: तिप्पट कुठली? एकसामयिक समीकरणं आलेखाने सोडवायला द्या. दोन सारण्या करा, अक्ष काढा, प्रमाण लिहा, बिंदू घ्या, रेषा ओढा. चार मार्कांना बारा मिनिटं हिशोबाने, पण एक बिंदू चुकला आणि रेषा वाकडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे एकाने आलेख, मध्यकाची मोठी सारणी आणि आयतालेख असे तिन्ही एकाच पेपरात टाकले. कठीण एकही नव्हता तरी अर्ध्या वर्गाचा प्रश्न पाच कोरा! पेपर सोपा पण लांब होता.

कोल्हापुरी_सर: मग पोरांचा हात चालत नाही म्हणा. आमच्या वेळी असले लाड नव्हते.

खडूमास्तर: तुमच्या वेळी पेपर किती मार्कांचा होता आणि वेळ किती होता, तेवढं सांगा की आधी!

कोल्हापुरी_सर: तेच तर म्हणतोय, सरावच कमी पडतो. वेळ वाढवून काय होणार? आणि ताई, आलेख टाकायचाच असेल तर दुसरं मोठं आकृतीचं उदाहरण काढून टाका, एवढं मान्य करतो, पुढे नाही.

सांख्यिकीताई: उपकार झाले.

क्लासवाला_दादा: बरं बाबांनो, घ्या तुमची कुंडली. श्रेढीपर्यंत झालंय, 40 मार्क, दोन तास, काठिण्य तुमच्या मनाने. आता खूश?

सांख्यिकीताई: तीन प्रकरणांतून 60 मार्कांचे प्रश्न म्हणजे एकेका प्रकरणावर वीसेक मार्क. श्रेढीचं तेच tn आणि Sn चारपाच वेळा फिरून येणार. 20 चा तासाभराचा घ्या, नीट बसेल.

क्लासवाला_दादा: नाही जमणार. पालकांना ‘बोर्डासारखा 40 चा’ असं सांगून बसलोय.

खडूमास्तर: मग पालकांनाच काढायला सांगा.