मदत हवी आहे: जीन टेस्टबद्दल नातेवाईकांना कळवलं, कोणीच हलत नाहीये. पत्रात काय लिहू?

सायली_के
डोकं फिरायची वेळ आलीय. माझी जीन टेस्ट पॉझिटिव्ह आली, काउन्सेलर म्हणाल्या नातेवाईकांना कळवा, त्यांचीही टेस्ट व्हायला हवी, म्हणून मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "माझ्यात कॅन्सरचा जीन सापडलाय, घराण्यातला आहे, सगळ्यांनी लवकर टेस्ट करून घ्या." तीन आठवडे झाले. आत्याने नुसते हात जोडलेले पाठवले, चुलतभाऊ म्हणतो घाबरवू नकोस, सख्खा भाऊ गप्प. आता प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचंय. कोणाकडे नमुना आहे का? घाई आहे.

रानवारा
कुठला जीन? रिपोर्टमध्ये पॅथोजेनिक लिहिलंय की महत्त्व अनिश्चित? अनिश्चित असेल तर सध्या पत्र नकोच, त्याच्या जोरावर घरच्यांना टेस्ट करायला सांगत नाहीत. आणि आईकडून आलाय की वडिलांकडून?

सुमती_आजी
अगं आमच्या पुतणीच्या लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी केली होती. ती वाहक निघाली, मुलगा नव्हता, डॉक्टर म्हणाले मुलांना आजार होणार नाही. तुझ्या भावाच्या बायकोची पण करून घे.

सायली_के
आजी, हे तसं नाहीये. रानवारा, मला ४२ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. रिपोर्टवर `MSH2 exon 8 deletion, heterozygous, pathogenic` असं आहे. आई ४९ व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, मामाही आतड्याच्याच कॅन्सरने गेला, दोघांची जीन टेस्ट कधी झाली नव्हती. बाबा ठणठणीत. एक भाऊ, एक मावशी, मामाची दोन मुलं.

रानवारा
मग आत्या आणि चुलतभाऊ यांना उगाच घोर लावलात हो! आई आणि मामा दोघांचं बघता हे आईकडूनच आलेलं दिसतंय. पत्रं तीनच घरी जायला हवीत: भाऊ, मावशी, मामाची मुलं. आजी, थॅलेसेमियात दोन्ही बाजूंनी बिघाड यावा लागतो, इथे एकच प्रत पुरते, म्हणून भावजयीचा संबंध नाही. भावाला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी. तो पुरुष आहे म्हणून सुटला असं नाही, आतड्याचा धोका त्यालाही आहे.

पराग_लॅबवाला
एवढं कशाला, प्रत्येकाने कॅन्सरचं मोठं पॅनेल करावं, सगळे जीन एकदम बघून होतात, तुमचा रिपोर्ट लागणारही नाही.

रानवारा
परागजी, इथेच गफलत होते. हिच्यात एक अख्खा तुकडाच गायब आहे. जी टेस्ट नुसती अक्षरं वाचते तिला तो गायब असलेला दिसत नाही, कारण दुसरी प्रत धड असते. मग भावाला "निगेटिव्ह" मिळणार, तो निर्धास्त होणार. घरातला तो नेमका बदल शोधला आणि नाही सापडला, तर ते निगेटिव्ह खरं. म्हणून पत्रासोबत रिपोर्टची पूर्ण प्रत हवीच.

पराग_लॅबवाला
आमचं पॅनेल डिलीशनही पकडतं. आणि आईकडूनच आलंय हे गृहीत का धरता? आधी वडिलांची टेस्ट करा, निगेटिव्ह आली की मगच मावशीला लिहा.

रानवारा
तुमचं पकडत असेल, सगळ्यांचं पकडतंच असं नाही, आणि मोठ्या पॅनेलमध्ये नको ते अनिश्चित बदलही निघतात, मग अजून धाकधूक. वडिलांची टेस्ट जरूर करा, पण त्यासाठी मावशीला थांबवणं मला पटत नाही.

सायली, मी मावशीला असं लिहिलं असतं:

"मावशी, माझ्या आजाराचं कारण सापडलंय. `MSH2` नावाच्या जीनमध्ये माझ्यात एक बदल आहे, बहुधा आईकडून आलेला. तो तुझ्यातही असू शकतो, नसूही शकतो. असला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, धोका वाढतो. आतड्याची दुर्बिणीने नियमित तपासणी केली तर गाठी कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. टेस्ट रक्ताची आहे. तुझी निगेटिव्ह आली तर तुझ्या मुलांना करायची गरज नाही. सोबत माझा रिपोर्ट आहे, तो काउन्सेलरला दाखव. करायची की नाही ते तू ठरव, मी विचारत बसणार नाही."

सायली_के
शेवटचं वाक्य वाचून रडू आलं, मी रोज विचारत होते भावाला. मामाची मुलगी १५ ची आहे, मामीला काय लिहू?

रानवारा
मुलीची आत्ता नाही. आतड्याची दुर्बिणीची तपासणी साधारण वीस-पंचविसाव्या वर्षापासून सुरू होते, म्हणून ती सज्ञान झाल्यावर तिचं तिला ठरवू दे. मोठा मुलगा सज्ञान असेल तर त्याला थेट लिहा, मामा नसल्याने त्याची टेस्ट सरळच होऊ शकते.

निनाद_प
टेस्ट पॉझिटिव्ह आली तर विमा मिळताना अडचण येते का? कोणी सांगेल का?

सायली_के
भावाचा मेसेज आला, "रिपोर्ट पाठव". एवढंच. पाठवलाय. बाबा टेस्टला तयार आहेत. मामीला मात्र वाटतंय मी तिच्या नवऱ्याच्या घराण्याला दोष देतेय, तिचं पत्र अजून जमत नाहीये.