उत्तर: पहिल्या मुलाखतीत प्रकल्पावरचे प्रश्न

“सर, सोमवारी पहिलीच मुलाखत आहे. स्थापत्यची पदवी आहे, पण प्रकल्पावर खोलात विचारले तर माझी बोबडी वळेल.”

खोलात विचारतील हे गृहीतच धरा. मात्र मुलाखत घेणारा बहुधा तुमच्याच वाक्याचा धागा पकडतो, त्यामुळे पुढचा प्रश्न कोणता यावा हे बरेचसे तुमच्या हाती असते. ‘आम्ही एम२० काँक्रीटचे क्यूब तपासले’ असे म्हणालात, की ते किती दिवसांनी फोडले आणि किती भार आला, हे ओघाने येणारच. १५० मिलिमीटरचा क्यूब ५४० किलोन्यूटनला फुटला असेल, तर ५,४०,००० भागिले २२,५०० म्हणजे २४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, हे गणित बोलत बोलत कागदावर मांडा (कागद मागायला संकोच कसला?). तीनपैकी एका क्यूबची ताकद सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक ढळली असेल, तर ते लपवू नका, कारण कोपरा झडला होता की साच्यात काँक्रीट नीट ठासले गेले नव्हते, यावरच खरी चर्चा रंगते. अहवालातले जे आकडे सहकाऱ्यांनी काढले असतील, ते रविवारी स्वतः पुन्हा काढून पाहा.