पायाचं माप आणि बुटाचा नंबर: यूके, यूएस, युरोप, जपान. कसं जुळवता?

गावठी_पावलं: ऑनलाइन बूट मागवायचे तर एकाच जोडीवर चार नंबर लिहिलेले असतात आणि दोन कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा, पण गोल गोल नको. एक पाऊल धरून चालू: पुरुषाचं, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत २५६ मिमी. याला कुठला नंबर?

फर्मावाला: आधी एक गाठ सोडवतो. यूके आणि युरोपचे नंबर पावलाचे नसतातच, फर्म्याचे असतात. फर्मा म्हणजे ज्यावर कातडं ताणून बूट उभा करतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा. पाऊल चालताना पुढे सरकतं, म्हणून फर्मा पावलापेक्षा साधारण १५ ते २० मिमी लांब ठेवतात. आपण १७ धरू. म्हणजे फर्मा २७३ मिमी.

युरोपात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, ६.६७ मिमी. २७३ ला त्याने भागा, ४०.९५ येतं. म्हणजे ४१.

यूकेत एक नंबर म्हणजे तिसरा हिस्सा इंच, ८.४७ मिमी. फर्म्याचे इंच करा (१०.७५), तिपटीने गुणा, २५ वजा करा. ७.२५ येतं. म्हणजे ७ नंबर. आपल्याकडे दुकानात मागतो तो नंबर हाच, यूकेचा.

जपानचं वेगळं आहे. तिथे नंबर थेट पावलाच्या लांबीचा, सेंटीमीटरमध्ये, अर्ध्या अर्ध्याच्या टप्प्याने. २५६ ला २५.५. चिनी लेबलावर हेच मिलिमीटरमध्ये २५५ असं दिसतं.

सदाशिव_पेठी: एवढं गणित कशाला? युरोपच्या नंबरातून ३४ वजा करा, आपला नंबर मिळतो. ४१ चा ७, ४२ चा ८. आयुष्यभर हेच करतोय, कधी अडलं नाही.

फर्मावाला: काका, तुमचा पाय मधल्या मापाचा आहे म्हणून अडलं नाही. युरोपची पायरी लहान आणि यूकेची मोठी, त्यामुळे यूकेच्या चार पायऱ्यांत युरोपच्या पाच बसतात. मधल्या दोनतीन नंबरांत तुमचं सूत्र चालतं, टोकांना घसरतं. ३७ मधून ३४ गेले की ३ उरतात, पण ३७ म्हणजे खरं तर ४ नंबर. वरच्या बाजूला ४५ चे तुम्ही ११ कराल, येतो जेमतेम साडेदहा.

आदिदासच्या बुटांवर ४० २/३ किंवा ४१ १/३ असे अपूर्णांक दिसतात तेही याचमुळे. यूकेचा अर्धा नंबर ४.२३ मिमीचा, म्हणजे युरोपच्या पायरीचा साधारण दोन तृतीयांश. काही कंपन्या तो सरळ पूर्णांकात बसवतात, आदिदास बसवत नाही.

एडिसनची_मावशी: अमेरिकेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे बायकांचा नंबर पुरुषांपेक्षा साधारण दीडने मोठा असतो, आणि यूकेपेक्षा दोनने. बायकांचा अमेरिकन ७ म्हणजे भारतात ५, युरोपचा ३८. खोक्यावर नुसता ७ छापलेला असतो. भारतातून "ताई, ७ नंबर आण" असा निरोप आला तर आधी विचारायचं की कुठला ७, आणि बायकांचा की पुरुषांचा. चूक झाली की बूट दोन नंबर लहान येतो आणि विमानाने परत पाठवायला बुटापेक्षा जास्त पैसे पडतात.

पुरुषांचं "यूके अधिक एक" हेही सगळीकडे नाही. नायकेच्या लेबलावर यूके ७ समोर यूएस ८ असतं, आदिदासच्या यूके ७ समोर यूएस साडेसात.

चिऊची_आई: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलीला १३ नंबर घट्ट झाला म्हणून पुढचा मागवला तर तक्त्यात १३ नंतर थेट १! छापायची चूक आहे का?

फर्मावाला: चूक नाही, ताई. यूकेत लहान मुलांची मोजणी १३ ला संपते आणि तिथूनच मोठ्यांची १ पासून सुरू होते. १३ आणि पुढचा १ यांच्यातही तोच तिसरा हिस्सा इंच आहे. फक्त मागवताना "मुलांचा १" निवडला गेला तर तान्ह्या बाळाचा बूट येईल.

मोजपट्टी: नंबर जुळवायच्या आधी माप बरोबर आहे का ते बघा. बहुतेक गडबड तिथे होते.

जमिनीवर कागद ठेवा, कड भिंतीला टेकवून. त्यावर उभं राहा, वजन दोन्ही पायांवर, टाच भिंतीला लावून. बसून मोजलं तर पाऊल पसरत नाही आणि माप काही मिलिमीटर कमी येतं. मग बोटांसमोर जाड पुस्तक उभं धरून हलकेच सरकवत आणा. टेकलं की त्याच्या कडेने रेघ मारा आणि भिंतीकडच्या कडेपासून रेघेपर्यंत मोजा. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं.

पेन्सिल फिरवून पायाची आकृती काढू नका. पेन्सिल ७ मिमी जाड, टोक मधोमध, म्हणजे रेघ पायापासून साडेतीन मिमी बाहेर पडते. पुढे आणि मागे मिळून ७ मिमी. युरोपचा अख्खा एक नंबर इथेच वाढला. शिवणाची टेप पायावरून अंगठ्यापर्यंत धरणारेही आहेत. ती वरचा उंचवटा मोजते, लांबी नाही.

माप संध्याकाळी घ्या, जे मोजे घालणार तेच घालून. दोन्ही पायांचं.

चवडा_रुंद: सगळे लांबीच मोजताय. करंगळीपाशी बूट चावला की लोक एक नंबर मोठा घेतात. मग टाच निसटते आणि मागे फोड येतो, कारण लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सोडवायला गेलो. चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी, अंगठ्यामागच्या आणि करंगळीमागच्या हाडांवरून टेप फिरवून घेरही मोजा आणि रुंद मापाचा बूट शोधा. अमेरिकेत पुरुषांचं नेहमीचं D, त्यापुढे 2E, 4E. जपानमध्येही अशीच अक्षरं दिसतात, पण त्यांचा 2E आणि अमेरिकेचा 2E एक समजू नका.

आपल्याकडे रुंदी लिहिलेला बूट मिळणं मुश्किल. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय पावलं मोजून 'भा' नावाची वेगळी पद्धत सुचवली आहे, ती दुकानात दिसेपर्यंत टेपच.

सदाशिव_पेठी: मी आपला लेबलावरचा सेंटीमीटर बघतो. तो तरी जगभर एकच ना?

एडिसनची_मावशी: काका, तिथेही नाही. वर लिहिलेल्या त्याच यूके ७ समोर आदिदास २५.५ लिहितं आणि नायके २६. सेंटीमीटर घ्याच, पण त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून.

फर्मावाला: घरात बरोबर बसणारा बूट असेल तर त्याचा आतला सुटा सोल काढून मोजा. त्यावर उभं राहिल्यावर बोटापुढे १० ते १२ मिमी मोकळे राहत असतील तर ती लांबी तुमची. टोकदार बुटात पुढची जागा नुसती शोभेची असते, तिथे हा हिशेब चालत नाही.

मोजपट्टी: १०-१२ पळायच्या बुटाला. फॉर्मल चामडी बुटाला मला इतके जास्त वाटतात.

गावठी_पावलं: पुस्तक धरून पुन्हा मोजलं. उजवा २५६, डावा २५९. फर्मावाल्यांच्या रीतीने डाव्याचा फर्मा २७६, म्हणजे यूके ७.६. ज्या बुटावर डोळा आहे त्यात साडेसात नाही, ७ नंतर थेट ८. मोठ्या पायाप्रमाणे ८ घेऊन उजव्यात जादा सोल घालू का?

फर्मावाला: लेसचा असेल तर ८ घ्या आणि उजव्यात पातळ सोल. बिनलेसचा असेल तर उजवी टाच निसटणारच.

चवडा_रुंद: घेर सांगा आधी.